दहा आठवड्यांचं बाळ आणि ९.७ चा आकडा

*माझा मुलगा १० आठवड्यांचा आहे. पूर्ण दिवसांचा, जन्मवजन ३.१ किलो, आता ५.२. फक्त अंगावरचं दूध पितो. उजव्या जांघेत हर्निया निघाला म्हणून ऑपरेशनआधी रक्त तपासलं. जन्मावेळी हिमोग्लोबिन १७.२ होतं, आता ९.७ आलंय आणि रिपोर्टवर लाल खूण आहे. सर्जन म्हणाले, १० च्या वर आणा मग बघू, आयर्नचे थेंब लिहून दिलेत. सासूबाई म्हणतात दूध पुरत नाही, वरचं सुरू कर. माझ्या दुधात काही कमी आहे का? आणि घाबरायचं कधी? (रामबाग, इंदूर)*

तुमच्या दुधात काही कमी नाही. दहा आठवड्यांत दोन किलो शंभर ग्रॅम वजन वाढवणाऱ्या बाळाला दूध पुरत नाही असं म्हणायला माझी तरी जीभ धजणार नाही. सासूबाईंना हा वजनाचा आकडा दाखवा, त्यावर बहुतेक आज्या शांत होतात.

रिपोर्टवरची लाल खूण मशीन लावतं. त्यात बहुतेक वेळा मोठ्या माणसांची मर्यादा भरलेली असते, १२ किंवा १३ च्या खाली गेलं की लाल. दोन ते तीन महिन्यांच्या, पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाचं हिमोग्लोबिन ९.५ ते ११ च्या दरम्यान उतरतं, काहींचं ९ पर्यंत. ते सगळ्याच बाळांचं उतरतं. तुमच्या मुलाचं फक्त नेमक्या त्याच आठवड्यात मोजलं गेलं. हर्निया नसता तर ते मोजलंही नसतं आणि तुम्ही निवांत झोपला असता.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढे आजार ओळखायची किल्ली त्यातच आहे.

पोटात असताना बाळ श्वास घेत नाही. वारेतून जेवढा ऑक्सिजन येईल तेवढ्यावर भागवतं. त्याच्या धमन्यांतल्या रक्ताची ऑक्सिजन-संपृक्तता ६०-६५ टक्क्यांच्या आसपास असते. तुमची-माझी एवढी झाली तर आपल्याला अतिदक्षता विभागात नेतील. या टंचाईवर शरीराचा उपाय एकच: वाहून नेणाऱ्या लाल पेशी भरपूर ठेवा. टंचाई जाणवली की एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते अस्थिमज्जेला सांगतं, पेशी बनवत राहा. म्हणून बाळ जन्मतं ते १६-१७ हिमोग्लोबिन घेऊन.

मग ते रडतं, फुप्फुसं उघडतात, आणि दहा-पंधरा मिनिटांत संपृक्तता ९० च्या पुढे जाते. टंचाई संपली. मे महिन्यात आपल्याकडे कॉलनीत रोज टँकर बोलावतात; नळाला धो धो पाणी आलं की कुणी टँकरवाल्याला फोन करतं का? हौद निम्मा होईपर्यंत कुणाला आठवणही होत नाही. तसंच एरिथ्रोपोएटिन जवळजवळ बंद पडतं आणि मज्जा पहिले सहा-आठ आठवडे फारच थोड्या नव्या पेशी बनवते. त्यात नवजात बाळाच्या लाल पेशींचं आयुष्य ६० ते ९० दिवसांचं, मोठ्यांसारखं १२० दिवसांचं नाही. जुन्या लवकर जातात, नव्या येत नाहीत.

तिसरं कारण सहसा कुणी सांगत नाही आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बाळ वाढतं. तुमच्याच मुलाचा हिशोब करू, ढोबळमानाने. जन्माला ३.१ किलो, तेव्हा किलोमागे साधारण ८५ मिलीलिटर रक्त धरलं तर अंगात झाले सुमारे २६३ मिलीलिटर. १०० मिलीलिटरमागे १७.२ ग्रॅम म्हणजे एकूण हिमोग्लोबिन ४५ ग्रॅम. आज ५.२ किलो, किलोमागे ८० धरा, रक्त झालं ४१६ मिलीलिटर, आणि ९.७ च्या हिशोबाने एकूण हिमोग्लोबिन ४० ग्रॅम. म्हणजे रिपोर्टवर आकडा १७ वरून १० च्या खाली आलेला दिसतो, पण बाळाच्या अंगातलं हिमोग्लोबिन फक्त पाच ग्रॅमने घटलंय. ते पाच ग्रॅमही शिल्लक राहिले असते तरी ४५ ग्रॅम ४१६ मिलीलिटरमध्ये वाटल्यावर आकडा पावणेअकराच आला असता. घसरण मुख्यतः पातळ होण्याची आहे. (जन्मावेळचा नमुना टाचेला टोचून घेतला असेल तर तो आकडा शिरेतल्या रक्तापेक्षा एक-दोन ग्रॅमने फुगलेलाही असतो. तेव्हा खरी घसरण आणखी कमी.)

आता आयर्नबद्दल. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये साधारण ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. गेलेल्या पाच ग्रॅमचं सतराएक मिलिग्रॅम लोह शरीराने बाहेर टाकलेलं नाही, साठ्यात ठेवलंय. मज्जा पुन्हा कामाला लागली की ते तिथूनच काढेल. पूर्ण दिवसांच्या बाळाला हा साठा चार ते सहा महिने पुरतो. आज मज्जा थांबलीय ती लोह नाही म्हणून थांबलेली नाही, तिला मागणीच आलेली नाही. अशा वेळी थेंब पाजले तर हिमोग्लोबिन वाढत नाही, फक्त शी काळी होते. तरीही दोन-तीन आठवड्यांनी ते १० च्या वर जाईल, कारण नाही तरी जाणारच होतं, आणि श्रेय मिळेल थेंबांना. हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिलाय की आता चिडतही नाही.

आकडा खाली असूनही बाळाच्या पेशींना ऑक्सिजन कमी पडत नाही. जन्माला बाळाचं बहुतेक हिमोग्लोबिन गर्भातल्या जातीचं असतं. ते ऑक्सिजन पटकन पकडतं पण सोडायला काचकूच करतं. या दोन-तीन महिन्यांत त्याची जागा मोठ्यांचं हिमोग्लोबिन घेऊ लागतं, ते हातचं सैल सोडतं. त्यामुळे ९.७ असूनही अवयवांपर्यंत पोचणारा ऑक्सिजन जन्माच्या तुलनेत कमी नसतो. मागणी खरोखर वाढली की एरिथ्रोपोएटिन पुन्हा सुटतं आणि तिसऱ्या महिन्यानंतर आकडा आपोआप चढायला लागतो.

एवढं झाल्यावर घाबरायचं कधी, हा तुमचा खरा प्रश्न.

नुसता हिमोग्लोबिनचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी रेटिक काउंट सांगते. रेटिक म्हणजे मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या लाल पेशी. मज्जा झोपलीय, जागी होतेय की जीव तोडून धावतेय, हे त्यावरून कळतं. जन्मावेळी रेटिक तीन ते सात टक्के असते, आठवड्याभरात एक टक्क्याच्या खाली जाते, आणि सहा-आठ आठवड्यांनंतर पुन्हा वर येऊ लागते. म्हणून चार आठवड्यांच्या बाळात अर्धा टक्का हे ठीक आहे. बारा आठवड्यांच्या, हिमोग्लोबिन ७.५ असलेल्या बाळात तोच अर्धा टक्का ठीक नाही. हौद तळाला गेलाय आणि टँकरवाला फोन उचलत नाहीये असा त्याचा अर्थ. तिथे मज्जेचाच आजार शोधावा लागतो. डायमंड-ब्लॅकफॅन नावाचा जन्मजात दोष दुर्मिळ आहे, पण तो सहसा याच दोन-तीन महिन्यांत लक्षात येतो. उलट हिमोग्लोबिन ९ आणि रेटिक सहा-सात टक्के असेल तर मज्जा पूर्ण ताकदीने बनवतेय तरी पुरं पडत नाही, म्हणजे पेशी कुठेतरी फुटताहेत किंवा रक्त वाहून जातंय. निरोगी घसरणीत हा प्रकार कधीच होत नाही.

तुमच्या रिपोर्टमध्ये रेटिक नाही. मी पहिल्यांदा तीच मागितली असती. तिच्याबरोबर रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहून दिलेला अहवालही. दोन्ही मिळून फार महाग नाहीत.

एक प्रसंग सांगते, त्यात चूक माझीच होती. प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं. आई बी निगेटिव्ह, आधी एक गर्भपात झालेला आणि तेव्हा आरएचचं भांडण टाळणारं अँटी-डी इंजेक्शन घेतलेलं नव्हतं. बाळ बी पॉझिटिव्ह, कूम्ब्स टेस्ट पॉझिटिव्ह, म्हणजे बाळाच्या लाल पेशींना आईची प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, चिकटलेली. चार दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं, कावीळ उतरली. सातव्या दिवशी हिमोग्लोबिन १३.८ होतं, मी खूश होऊन घरी सोडलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, सहा आठवड्यांनी लसीला आणा. मधे एकदा हिमोग्लोबिन तपासा, हे लिहिलं नाही.

पाचव्या आठवड्यात आजी बाळाला घेऊन देवासहून आल्या. त्या म्हणाल्या, "पिवळा नाहीये हो, पण पाच मिनिटं ओढतो आणि सोडून देतो, कपाळावर दव पडल्यासारखा घाम येतो." या एका वाक्यात निदान होतं. दूध पिणं हाच या वयातला व्यायाम. आपण जिना चढताना धापा टाकतो तसं ते बाळ स्तनाशी दमत होतं. वजन ३.९ किलो, आधीच्या तीन आठवड्यांत जेमतेम २५० ग्रॅम वाढलेलं, जिथे सहाशे तरी वाढायला हवं. नाडी शांत असताना १७८. हिमोग्लोबिन ५.६. बिलिरुबिन २.१, त्यामुळे डोळे जवळजवळ पांढरे.

झालं काय होतं? आईच्या रक्तातून आलेली प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात काही आठवडे टिकतात, दर तीन आठवड्यांनी साधारण निम्मी होतात. पेशी फुटणं चालूच होतं. फक्त बाळाचं यकृत आता तयार झालेलं होतं, ते बिलिरुबिन मुकाट्याने बाहेर टाकत होतं. कावीळ गेली म्हणजे फुटणं थांबलं, असा मी अर्थ लावला. रेटिक आली १.२ टक्के, जी तिथे फसवी होती. ती प्रतिपिंडं मज्जेतल्या कोवळ्या पेशींनाही मारतात, त्यामुळे या आजारात रेटिक कधी कधी वाढलेली दिसतच नाही. म्हणून रेटिक हीसुद्धा एकटी वाचायची नसते, इतिहासासकट वाचायची.

किलोला १५ मिलीलिटर हिशोबाने ५८ मिलीलिटर पॅकसेल, म्हणजे रक्तातून वेगळ्या केलेल्या लाल पेशी, चार तासांत दिल्या, ओ निगेटिव्ह, आईच्या रक्ताशी जुळवून. घाई करता येत नाही, आधीच दमलेल्या हृदयावर एकदम भार पडतो. दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन १०.१. त्याच संध्याकाळी बाळ वीस मिनिटं सलग प्यायलं. पुढे दर दोन आठवड्यांनी मोजत राहिलो, एकदा ८.९ पर्यंत आलं, मग रेटिक साडेचार टक्क्यांवर गेली आणि चौथ्या महिन्यात ११ झालं. फॉलिक अॅसिड दिलं. आयर्न दिलं नाही, कारण फुटलेल्या पेशींचं लोह अंगातच होतं आणि दिलेल्या रक्ताबरोबर आणखी आलं होतं. तेव्हापासून आरएच किंवा रक्तगटाच्या भांडणाची कावीळ झालेलं कुठलंही बाळ घरी जाताना मी तिसऱ्या-चौथ्या आठवड्याची हिमोग्लोबिनची तारीख चिठ्ठीवर लिहूनच देते.

तेव्हा तुमच्या बाबतीत स्वतःला हे विचारा. तुमचा रक्तगट काय, बाळाचा काय? जन्मल्यावर पहिल्याच दिवशी कावीळ दिसली होती का, दिवा लागला होता का? तीन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे राहिले का? लघवीने लंगोट पिवळाजर्द किंवा चहासारखा होतो का? शीमध्ये रक्ताच्या रेघा? घरात कुणाची प्लीहा काढलीय, लहानपणीच पित्ताशयात खडे झालेत, कुणाला पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागतं? शेवटचा प्रश्न विचारला की लोक आधी "नाही" म्हणतात आणि दाराशी जाऊन परत येतात, "माझ्या आत्याचं झालं होतं, ते चालेल का?" चालेल. स्फेरोसायटोसिस, म्हणजे लाल पेशी गोल आणि ठिसूळ असण्याचा आनुवंशिक आजार, असलेल्या घरातल्या बाळाचं हिमोग्लोबिन याच वयात सगळ्यात खोल जातं, कारण पेशी फुटताहेत आणि मज्जा अजून झोपेत आहे. जी६पीडी हे लाल पेशींना जपणारं एन्झाइम कमी असलेल्या मुलग्यांत फुटणं झटक्याने येतं. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेली जुनी दुपटी बाळाला न धुता, न उन्हात टाकता गुंडाळू नका ती याचसाठी.

याशिवाय काही गोष्टी थेट आकड्यांत दिसतात. पूर्ण दिवसांच्या बाळाचं हिमोग्लोबिन ९ च्या खाली, किंवा महिन्याच्या आतच १० च्या खाली गेलं तर ते "वयाचं आहे" म्हणून सोडायचं नाही. लाल पेशींबरोबर पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेटही कमी असतील तर नाही. निरोगी घसरणीत बाकी दोघांना धक्का लागत नाही. आणि एमसीव्ही पाहा, म्हणजे पेशीचा आकार. या वयात तो ८५ ते ९५ च्या आसपास असतो. दहा आठवड्यांच्या बाळात तो ७० आला तर ते आहारातल्या लोहाचं काम नाही, साठा इतक्या लवकर संपत नाही. जन्माआधीच रक्त गेलं असेल किंवा अल्फा थॅलेसेमियाचा गुण असेल. बीटा थॅलेसेमिया मात्र या वयात क्वचितच दिसतो, आणि बाळाची एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनच्या जाती मोजणारी तपासणी, आत्ता केली तर गर्भातलंच हिमोग्लोबिन भरपूर सापडून गोंधळ होतो. शंका असेल तर आई-वडिलांची करा, उत्तर तिथे स्पष्ट मिळतं. झाबुआ-आलीराजपूरकडच्या कुटुंबांत सिकलसेलबाबतही तसंच, त्रास साधारण सहाव्या महिन्यापासून सुरू होतो.

आपल्या शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आईला बी-१२ कमी असेल तर दुधातही कमी उतरतं. त्या बाळात अॅनिमियापेक्षा आधी वागणं बदलतं: हसायला लागलेलं बाळ हसायचं थांबतं, मान सावरेना होते, बोटांची पेरं काळवंडतात. हे बहुधा चार महिन्यांनंतर दिसतं, पण तुम्ही गरोदरपणी दूध-दहीही फारसं घेत नव्हता, किंवा मुंग्या येणं, तोंड येणं असं काही होत होतं, तर तुमचं बी-१२ तपासून घ्या. इथे आईने उपचार घेणं हा बाळाच्याही उपचाराचा भाग आहे.

तुमची बहीण-जाऊ वाचत असेल आणि तिचं बाळ सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेलं असेल तर वरचे आकडे तिने लावू नयेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळात घसरण चौथ्या ते आठव्या आठवड्यातच येते आणि ७ ते ९ पर्यंत जाते. शिवाय लोहाचा साठा आई शेवटच्या तीन महिन्यांत भरते, तो या बाळांना मिळालेलाच नसतो. त्यांना आयर्न लवकर लागतं, आणि ते टाळणं ही चूक ठरते.

आता ऑपरेशन. भूलतज्ज्ञ १० चा आग्रह धरतात तो उगाच नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत रक्त कमी असेल तर भुलीनंतर श्वास मधेच थांबण्याची भीती वाढते, हे ठाऊक आहे. पण पूर्ण दिवसांच्या, अंगाने भरलेल्या, ९.७ असलेल्या बाळासाठी १० ही दगडावरची रेघ नव्हे. लहान बाळांना नेहमी भूल देणाऱ्या भूलतज्ज्ञांना रेटिकचा रिपोर्ट घेऊन भेटा आणि विचारा, हे वयाचं हिमोग्लोबिन धरून घेणार की थांबणार? एक-दोन आठवडे थांबायला सांगितलं तर हरकत नाही. दोन-तीन महिने मात्र थांबू नका. या वयात हर्निया अडकण्याचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो. फुगवटा कडक झाला, आत जाईना, बाळ ओकतंय किंवा सारखं रडतंय, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघायचं.

थेंब तुमच्या डॉक्टरांना सांगूनच बंद करा, गुपचूप नको. आणि बाटली कपाटात वर ठेवा, घरात मोठं भावंड असेल तर विशेषच. आयर्नची आख्खी बाटली पिणं लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. सरकारी कार्यक्रमात सहाव्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा एक मिलीलिटर सिरप देतात, त्यात २० मिलिग्रॅम लोह असतं. तेव्हा ते सुरू करा, वरच्या जेवणाबरोबर. तोपर्यंत रेटिक एक ते दोन टक्क्यांच्या आसपास आली, काचेवर काही वावगं नसलं, आणि वरच्या प्रश्नांना तुमचं उत्तर "नाही" असलं, तर पुढच्या लसीच्या वेळी, साडेतीन महिन्यांच्या सुमाराला, एकदा पुन्हा मोजा. तेव्हा तो आकडा ९.७ च्या वर असायला हवा. खाली गेला असेल तर लसीच्या रांगेतच थांबू नका, आत येऊन डॉक्टरांना दाखवा.